पोर्टफोलिओसाठी फुकटचा पत्ता पुरे, की स्वतःचे डोमेन घ्यावे?

प्रश्न: मी डिचोलीची, फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटहब पेजेसवर माझा पोर्टफोलिओ चालू आहे, पत्ता github.io चा. म्हापशात एकाने डोमेन आणि होस्टिंग मिळून वर्षाला ४,००० रुपये सांगितले. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहेत. फुकटचा पत्ता ठेवू की स्वतःचे डोमेन घेऊ?

उत्तर:

चार हजार देऊ नका. आहे तो पत्ता प्लेसमेंटला पुरेसा आहे. डोमेन घ्यावेसे वाटत असेल तर नुसते डोमेन घ्या, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून. आणि निदान चार वर्षे त्याचे पैसे भरत राहायची तयारी असेल तरच घ्या. एकाच वर्षासाठी घेतलेले डोमेन फुकटच्या पत्त्यापेक्षा जास्त नुकसान करते. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी त्या चार हजारांचे बघू. डोमेन म्हणजे नुसता पत्ता. तुमच्या फाइली जिथे ठेवलेल्या असतात ते होस्टिंग, आणि ते गिटहब तुम्हाला आजही फुकट देत आहे. एका साइटला १ जीबीपर्यंत जागा आणि महिन्याला साधारण १०० जीबी वाहतूक अशी तिथली मर्यादा आहे. चार-पाच प्रोजेक्ट, त्यांचे स्क्रीनशॉट आणि एक पीडीएफ सीव्ही एवढा पोर्टफोलिओ या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. म्हणजे त्या रकमेतला मोठा भाग तुमच्याकडे आधीच असलेल्या गोष्टीसाठी मागितला जातोय. त्याहून महत्त्वाची बाब अशी की दुसऱ्याने 'करून दिलेले' डोमेन बहुतेक वेळा रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या, त्याच्याच खात्यात पडून असते. पुढच्या वर्षी त्याने दर वाढवला किंवा फोन उचलणे बंद केले, तर तुमच्या नावाच्या पत्त्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसतो. ओळखीचा माणूस असला तरी खाते तुमचेच हवे.

आता github.io कमीपणाचे दिसते का? सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अजिबात नाही. मुलाखत घेणाऱ्याला तो पत्ता रोजच्या पाहण्यातला असतो, आणि त्यावरून तो थेट तुमच्या कोडपर्यंत पोचतो. netlify.app किंवा vercel.app चे पत्तेही त्याच्या तसेच ओळखीचे असतात. विक्सच्या किंवा वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत साइटची गोष्ट वेगळी, कारण तिथे त्यांची जाहिरात तुमच्या कामासोबत दिसते. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या किंवा आर्किटेक्चरच्या मैत्रिणीने विचारले असते तर, तिच्या पानावर कामाच्या आधी जाहिरात दिसू नये म्हणून, मी तिला ती मोफत योजना टाळायलाच सांगितले असते.

पण पत्ता दिसतो कसा हा दुय्यम मुद्दा. खरा मुद्दा असा की तुमचा पत्ता उद्या बदलला, तर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या जागी कोण पाठवणार?

सीव्ही एकदा पाठवला की तो तुमच्या हातात राहत नाही. एचआरच्या मेलमध्ये तो दोन वर्षांनीही उघडला जातो. त्यातला दुवा तेव्हा चालायला हवा. मोफत सबडोमेनवर ही दिशा बदलायची सोय प्लॅटफॉर्मच्या हातात असते. वर्डप्रेस डॉट कॉम, विक्स आणि Carrd या तिन्ही ठिकाणी स्वतःचे डोमेन जोडायचे तर पैसे भरून योजना घ्यावी लागते. गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल, ब्लॉगर आणि गूगल साइट्स इथे डोमेन जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याने पहिली निवड 'फुकट की विकत' अशी न करता, नंतर डोमेन फुकट जोडता येईल असा प्लॅटफॉर्म आजच निवडावा. तुम्ही नकळत योग्य जागी बसला आहात.

गिटहबवर एक चांगली सोय आहे. डोमेन जोडल्यावर जुना github.io चा पत्ता मरत नाही. तो आपोआप नव्या डोमेनकडे वळतो. म्हणजे आज ज्या सीव्हीवर github.io छापले आहे तो पुढच्या वर्षी डोमेन घेतल्यावरही चालेल. घाई करायचे कारणच उरत नाही. फक्त एक पथ्य पाळा: गिटहबचे युजरनेम बदलू नका. युजरनेम बदलले की रिपॉझिटरीचे जुने दुवे वळवले जातात, पण पेजेसचा जुना पत्ता वळवला जात नाही, तिथे ४०४ दिसते. पहिल्या वर्षी गमतीने ठेवलेले नाव बदलायचे असेल तर ते सीव्ही पाठवायला लागण्याआधी, म्हणजे आत्ताच बदला.

याच सोयीला एक दुसरी बाजू आहे, आणि तिथेच एका वर्षाचे डोमेन घात करते. पहिले वर्ष स्वस्त पडले म्हणून डोमेन घेतले, जोडले, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा आकडा बघून सोडून दिले, असे समजा. गिटहबच्या सेटिंगमध्ये डोमेन अजून तसेच आहे. त्यामुळे github.io वर येणारा प्रत्येक जण त्या मेलेल्या डोमेनकडेच ढकलला जातो. म्हणजे दोन्ही पत्ते एकदम बंद. पुढे ते डोमेन बाजारात मोकळे होते, आणि ज्या नावावर आधी लोक येत होते ती नावे उचलून तिथे जुगाराच्या जाहिराती लावणारे लोक असतात. तुमच्या सीव्हीवरचा दुवा मग तिकडे उघडतो.

.com सारख्या नावांत ही प्रक्रिया ठरलेल्या टप्प्यांनी होते. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारने आठवण पाठवायची असते, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. ते चुकले तर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, पण त्यात नेहमीच्या कित्येक पट शुल्क लागते. मग पाच दिवस नाव कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर ते सर्वांना खुले. या सगळ्या आठवणी ईमेलवर येतात. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला कॉलेजचा ईमेल देऊ नका. पदवी झाली की तो बंद होण्याची शक्यता असते, आणि नेमके तेव्हाच डोमेन तुमच्या कामाचे असते. त्याच डोमेनवर बनवलेला ईमेलही देऊ नका, कारण डोमेन बंद पडले की तो मेलही बंद, आणि खात्यात शिरायचा रस्ताच उरत नाही. कायमचा वैयक्तिक ईमेल द्या.

खर्च कसा मोजावा

जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. तुम्ही बघायचा तो नूतनीकरणाचा, जो बहुधा बारीक अक्षरात असतो. उदाहरणादाखल, एखादे .in डोमेन पहिल्या वर्षी १९९ रुपये आणि पुढे वर्षाला ८०० रुपये असे दिसले, असे धरा. चार वर्षांचे १९९ अधिक २,४०० म्हणजे २,५९९. त्यावर १८ टक्के जीएसटी ४६८. एकूण सुमारे ३,०६७, म्हणजे वर्षाला सरासरी ७६७ रुपये. हाच आकडा दोन-तीन रजिस्ट्रारमध्ये ताडून बघा. पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त असणारा चार वर्षांत बरेचदा महाग निघतो. .com साधारणपणे .in पेक्षा थोडे महाग पडते. नवनवीन शेपटांच्या नावांत पहिले वर्ष जवळजवळ फुकट आणि दुसरे वर्ष दोन-तीन हजार असा प्रकार आढळतो, तेव्हा तिथे विशेष जपून.

पैसे भरण्याआधी कार्टमध्ये होस्टिंग, ईमेल, एसएसएल, वेबसाइट बिल्डर अशा गोष्टी आधीच टिक केलेल्या असू शकतात. सगळ्या काढा. एसएसएल प्रमाणपत्र गिटहब स्वतः फुकट काढून देते.

गिटहबच्या स्टुडंट पॅकमध्ये एका वर्षाचे मोफत डोमेन मिळत आले आहे. विद्यार्थी असल्याचा पुरावा देऊन ते मागता येते, पण सवलती बदलत राहतात, तेव्हा सध्या काय मिळते ते पॅकच्या पानावर बघा. घेतले तरी हिशेब तोच: दुसऱ्या वर्षापासूनचा दर परवडतो का? कायमचे फुकट डोमेन असे आता काही धरून चालू नका. .tk, .ml सारखी फुकट नावे वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये डोमेनच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यावर उभे असलेले कितीतरी पोर्टफोलिओ त्याबरोबर गेले.

नाव कोणते घ्यावे

भारतात नोकरी शोधत असाल तर .in पुरे. .com मिळत असेल आणि दर परवडत असेल तर तेही उत्तम. मात्र .in मध्ये मालकाचे तपशील दुसऱ्याच्या नावाआड झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, आणि रजिस्ट्रार ओळखपत्र मागू शकतो. स्वतःचे नाव असलेले ओळखपत्र हाताशी ठेवा आणि नोंदणीत तेच नाव लिहा.

स्पेलिंगकडे आपल्याकडे जरा जास्तच लक्ष द्यावे लागते. एकाच आडनावाची गोव्यात Naik, Naique, Nayak अशी रूपे चालतात. गुणपत्रिकेवर आणि सीव्हीवर जे आहे तेच डोमेनमध्ये हवे. मधे डॅश किंवा आकडा नको. नाव फोनवरून एखाद्याला सांगून बघा. त्याने पहिल्या झटक्यात बरोबर टाइप केले तर चालेल. देवनागरीतले .भारत नाव वैयक्तिक आवडीसाठी घ्यायला काहीच हरकत नाही, पण सीव्हीवर ते देऊ नये: कित्येक मेल प्रोग्रॅममध्ये ते xn-- ने सुरू होणाऱ्या अक्षरमालेसारखे दिसते आणि वाचणाऱ्याला तो संशयास्पद दुवा वाटतो.

जोडायची पद्धत

पुढचा क्रम मुद्दाम असा दिला आहे, तो उलटा करू नका. समजा गिटहबचे युजरनेम tumchenav आहे आणि डोमेन tumchenav.in.

पहिल्यांदा गिटहबच्या खात्याच्या Settings मध्ये Pages उघडा (रिपॉझिटरीच्या नव्हे, खात्याच्या) आणि Add a domain वर जा. गिटहब एक TXT नोंद देईल. ती रजिस्ट्रारच्या DNS पानावर टाका आणि Verify करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती केली नाही आणि कधी तुम्ही रिपॉझिटरी काढून टाकली पण DNS तसेच राहिले, तर दुसरा कुणीही तुमचे डोमेन त्याच्या रिपॉझिटरीला जोडून तुमच्या पत्त्यावर त्याचे पान दाखवू शकतो. पडताळणीची ही TXT नोंद नंतरही काढायची नाही.

मग पोर्टफोलिओच्या रिपॉझिटरीत Settings, तिथे Pages, आणि Custom domain मध्ये tumchenav.in लिहून Save करा. त्यानंतरच DNS मध्ये या नोंदी टाका:

```
A      @      185.199.108.153
A      @      185.199.109.153
A      @      185.199.110.153
A      @      185.199.111.153
CNAME  www    tumchenav.github.io
```

मुख्य नावाला CNAME लावता येत नाही, म्हणून तिथे A नोंदी. Www ला मात्र CNAME. CNAME मध्ये फक्त युजरनेमचा पत्ता लिहायचा, पुढे रिपॉझिटरीचे नाव जोडायचे नाही.

थोड्या वेळाने विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
nslookup tumchenav.in
```

उत्तरात सुरुवातीला Server चा पत्ता दिसतो, तो सोडून द्या; त्याखाली Name च्या पुढे वरचे चारच आकडे यायला हवेत. पाचवा एखादा दिसला तर तो रजिस्ट्रारने आधीपासून टाकलेल्या 'पार्किंग' पानाचा असतो. याची खूण म्हणजे साइट कधी तुमची उघडते आणि कधी रजिस्ट्रारची जाहिरात. ती जुनी A नोंद काढा. शेवटी Pages मध्ये Enforce HTTPS वर टिक करा. सुरुवातीला ते करडे दिसते, प्रमाणपत्र निघायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतरही करडेच असेल तर DNS पुन्हा तपासा, आणि Custom domain काढून परत टाका, म्हणजे प्रमाणपत्राची मागणी नव्याने जाते.

जोडल्यावर काय बिघडते

सर्वांत जास्त वेळा दिसणारी तक्रार अशी की डोमेन उघडते, पण पान उघडेनागडे दिसते, रंग नाहीत, चित्रे नाहीत. याचे कारण DNS मध्ये नसते. तुमची साइट tumchenav.github.io/portfolio/ अशा पत्त्यावर असेल, तर फाइलींचे दुवे /portfolio/ ने सुरू होतात. डोमेन जोडल्यावर साइट थेट मुळाशी येते आणि तो रस्ताच उरत नाही. व्हीट वापरत असाल तर vite.config.js मध्ये असे करा आणि पुन्हा बिल्ड करा:

```
base: '/'
```

ब्राउझरमध्ये F12 दाबून Network मध्ये पाहिलेत तर /portfolio/assets/ च्या फाइलींसमोर ४०४ दिसतील, म्हणजे हेच कारण आहे याची खात्री.

दुसरा प्रकार: डोमेन चालू होते, नवा कोड चढवला आणि ते बंद पडले. गिटहब ब्रँचमधून साइट दाखवत असेल तर डोमेनचे नाव त्या ब्रँचमधल्या CNAME नावाच्या छोट्या फाइलीत असते. gh-pages सारखे साधन प्रत्येक वेळी ती ब्रँच पुसून नव्याने लिहिते आणि ही फाइल जाते. ती public फोल्डरमध्ये ठेवा, आत एकच ओळ, tumchenav.in. मग प्रत्येक बिल्डबरोबर ती पुढे जाते. तुमची साइट गिटहब ॲक्शन्सच्या वर्कफ्लोने चढत असेल तर या फाइलीची गरज नाही.

तिसरा प्रकार .com सारख्या नावांत दिसतो. सगळे बरोबर चालू असते आणि खरेदीनंतर दोन आठवड्यांनी साइट अचानक गायब. नोंदणी करताना दिलेला ईमेल १५ दिवसांत पडताळायचा असतो. ते केले नाही तर डोमेन स्थगित होते. खरेदीच्या दिवशी आलेला मेल, स्पॅममध्येसुद्धा, शोधून त्यातला दुवा दाबला की पुरते.

म्हणून वेळ साधा. हे सगळे प्लेसमेंटच्या आठवड्यात करायचे काम नाही. पहिल्या कंपनीच्या निदान महिनाभर आधी डोमेन जोडून झालेले असावे. तेवढा अवधी नसेल तर सीव्हीवर github.io च ठेवा.

डोमेनवरचा ईमेल

डोमेन आले की hello@tumchenav.in असा ईमेल करावासा वाटतो. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी तो तुमच्या जीमेलवर फुकट पुढे पाठवता येतो. फक्त यायचे मेल पुढे येतात, त्याच पत्त्यावरून उत्तर पाठवायला वेगळी व्यवस्था लागते. साइटवर संपर्कासाठी तो जरूर द्या. पण लिंक्डइन, बँक, नोकरीची पोर्टल यांच्या खात्यांना तो जोडू नका. डोमेन कधी सोडलेत आणि दुसऱ्याने घेतले, तर त्या पत्त्यावर येणारे पासवर्ड बदलायचे मेल त्याला मिळतील.

आणि सोडायचेच ठरले तर मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी गिटहबच्या Pages मध्ये जाऊन Custom domain काढा आणि base पुन्हा जुन्यासारखा करा, म्हणजे github.io चा पत्ता स्वतःच्या पायावर परत चालू होतो. लिंक्डइन, गिटहब प्रोफाइल आणि सीव्हीवरचा दुवा बदला. रजिस्ट्रारकडे स्वयंचलित नूतनीकरण बंद करा, नाहीतर कार्डावरून पुढच्या वर्षाचे पैसे जातात. DNS च्या नोंदी सर्वांत शेवटी पुसा.